नैराश्याची गोळी आणि हरवलेली इच्छा: दोष आजाराचा की गोळीचा, हे कसं शोधायचं

गेल्या वर्षी चवथीचे गणपती पोचवले आणि पुढच्याच सोमवारी मी नैराश्यावरची गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात रडू थांबलं. पाचव्यात झोप लागायला लागली. पण नवऱ्याच्या जवळ गेलं की अंगावर जाड चादर टाकल्यासारखं वाटायचं. स्पर्श कळायचा, पण पुढे काहीच घडायचं नाही. मी फोंड्याला एका काजू कारखान्यात हिशेब बघते. ताळा जुळला नाही की नोंदी मागे मागे तपासत जायच्या, एवढं मला येतं. इथे मात्र मागच्या नोंदीच नव्हत्या. इच्छा आधीच गेली होती की गोळीने गेली, हे मला सांगताच येईना. त्या गोंधळात माझे चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. खाली औषधांची नावं आणि मात्रा येतील, त्या डॉक्टरशी बोलताना अंदाज यावा यासाठी आहेत. त्या वाचून स्वतःच्या गोळ्या बदलायच्या नाहीत. मी एकदा तो शहाणपणा केला, तोही पुढे सांगते.

१. पहिली गोळी घ्यायच्या आधी एक पान लिहा

सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि जवळजवळ कुणीच ते करत नाही. गोळी सुरू होण्याआधी तुमच्या शरीराची आणि इच्छेची स्थिती काय होती, हे तारखेसकट लिहून ठेवा. नंतर आठवून सांगता येत नाही. नैराश्यात मागचं सगळंच काळं दिसतं, आणि बरं वाटायला लागलं की मागचं होतं त्यापेक्षा बरं वाटतं.

डॉक्टर लोक यासाठी अ‍ॅरिझोना स्केल म्हणून एक पाच प्रश्नांची पट्टी वापरतात. गेल्या आठवड्यात इच्छा किती होती, उत्तेजना किती सहज आली, बायकांना ओलावा आणि पुरुषांना ताठरपणा किती सहज आला, ऑर्गॅझमपर्यंत किती सहज पोचलात, आणि तो समाधानकारक होता का, एवढेच पाच प्रश्न. प्रत्येकाला १ ते ६ गुण. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे शून्य. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली, किंवा एखाद्याच प्रश्नाला ५ किंवा ६ पडले, तर त्रास आहे असं धरतात. पण बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नाला किती पडले हे जास्त बोलतं. ते का, हे पुढच्या मुद्द्यात येईल.

गोळी आधीच सुरू झाली असेल तर आजची तारीख घालून आजचं लिहा, आणि जोडीदाराला विचारून मागचं जमेल तेवढं भरा. मी तसंच केलं. "आषाढात तू जवळ यायची नाहीस, पण आलीस तर तुला बरं वाटायचं," असं नवरा म्हणाला. हे एक वाक्य पुढे सगळ्यांत कामाला आलं.

२. आजाराची खूण वेगळी, गोळीची खूण वेगळी

नैराश्य आधी इच्छेवर घाव घालतं. ज्या आजारात माशाच्या हुमणाची चव लागत नाही आणि आवडतं नाटक बघवत नाही, त्यात शरीरसुखाचीही ओढ राहत नाही. यात शरीर बंद पडलेलं नसतं, सुरुवातच होत नाही. पण कधी सुरुवात झालीच, तर बहुतेकांचं शरीर शेवटपर्यंत साथ देतं.

चिंतेचं वेगळं. तिच्यात इच्छा असते, पण डोकं पहारेकरी होऊन बसतं. "आज जमेल ना?" हा प्रश्न डोक्यात आला की छातीत धडधड होते, शरीर पळण्याच्या तयारीत जातं, आणि पळायला तयार झालेलं शरीर उत्तेजित होत नाही. पुरुषांसाठी इथे एक साधी परीक्षा आहे. पहाटे ताठरपणा येत असेल, एकट्याने असताना अडचण नसेल आणि फक्त जोडीदारासोबत अडत असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत आणि चिंता आड येते आहे. पहाटेचाही ताठरपणा हळूहळू कमी होत गेला असेल तर साखर, रक्तदाब आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यायला हवं. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्यायचं असतं, दुपारी ते खाली उतरतं.

आता गोळी. सगळ्यांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन. या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात. त्याने मन सावरतं, पण तेच सेरोटोनिन ऑर्गॅझमवर ब्रेक लावतं आणि ओढ लावणाऱ्या डोपामिन या दुसऱ्या रसायनालाही थोडं दाबतं. हा ब्रेक इतका भरवशाचा आहे की शीघ्रपतनावर डॉक्टर याच कुळातल्या गोळ्या देतात. म्हणून गोळीची खास खूण अशी, की इच्छा थोडीफार असते, उत्तेजनाही येते, पण ऑर्गॅझम खूप उशिरा येतो किंवा येतच नाही. काहींना जननेंद्रियांत बधिरपणा जाणवतो. काहींची इच्छाही गोळीने कमी होते, म्हणून ही विभागणी अगदी काटेकोर नाही.

तिसरी खूण वेळेची. मनावरचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि हा त्रास पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच येतो. म्हणजे सुरुवातीला गोळीचा तोटा दिसतो आणि फायदा दिसत नाही. बरेच जण नेमकी तिथेच गोळी सोडतात.

माझं पान असं होतं. गोळीआधी इच्छेला ५ गुण, ऑर्गॅझमला ४. दुसऱ्या आठवड्यात इच्छा ५ वरच, ऑर्गॅझम ६. नरकासुराच्या रात्री, म्हणजे सहाव्या आठवड्यात, इच्छा ४ वर आली होती, ऑर्गॅझम ६ वरच अडकलेला. म्हणजे आजार मागे हटत होता, आणि त्याच वेळी गोळीचा ब्रेक बसलेला होता. दोन्ही एकाच वेळी. "इच्छा कमी झाली" एवढंच डॉक्टरला सांगितलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

३. पोटाच्या गोळीचा डबा आधी उघडा

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझी अर्धी चूक इथेच सापडली.

नैराश्याची सुरुवात माझ्याकडे पोटापासून झाली. भूक नाही, सतत ढेकर, छातीत जळजळ. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल दिली, रोज सकाळी एक. आराम पडला, म्हणून मी ती सहा महिने घेत राहिले. दुकानदार चिठ्ठी न बघता देत होता. मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्या दिवशी विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या?" मी म्हटलं, "काही नाही, फक्त पोटाची."

सहाव्या आठवड्यात मी वही पुढे ठेवली आणि जाता जाता म्हटलं की दोन महिने पाळी आली नाही. डॉक्टर मॅडमनी आधी गरोदरपणाची तपासणी करायला सांगितली. ती निगेटिव्ह आली. मग म्हणाल्या, "ती पोटाची स्ट्रिप आणा." पुढच्या खेपेला मी स्ट्रिप नेली. तिच्यावर रॅबेप्रॅझोलच्या खाली बारीक अक्षरांत दुसरं नाव होतं: लेव्होसल्पिराइड.

हे औषध पोट पुढे ढकलायला मदत करतं, पण त्याचं काम डोपामिन अडवण्याचं आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत प्रोलॅक्टिन नावाचं दुधाचं हार्मोन तयार होतं, आणि डोपामिन त्याला एरवी लगाम घालून ठेवतं. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी लांबते, स्तनांतून कधी दूध येतं, आणि बाई असो वा पुरुष, इच्छा विझते. डोम्पेरिडोनही असंच करतं, आणि तेही अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत सर्रास मिसळलेलं असतं. रिस्पेरिडोन, अ‍ॅमिसल्प्राइड या मानसिक आजारावरच्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं.

माझं प्रोलॅक्टिन ९६ आलं. बायकांमध्ये साधारण २५ पर्यंत ठीक धरतात. कॅप्सूल बंद झाली, साधं रॅबेप्रॅझोल थोडे दिवस राहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी पाळी आली आणि डिसेंबरात प्रोलॅक्टिन १८ होतं. औषध थांबवूनही ते वर राहिलं असतं तर त्या ग्रंथीचा एमआरआय करावा लागला असता. या तपासणीचं रक्त सकाळी, थोडा वेळ शांत बसून द्या. धावपळ करत पोचून लगेच सुई टोचून घेतली तर आकडा उगाच वर येतो.

तुमच्या घरातल्या स्ट्रिपा आजच काढून बघा. पोटाच्या गोळ्यांखेरीज धडधडीसाठीची प्रोप्रॅनोलॉल, रक्तदाबाच्या काही गोळ्या, रोज रात्रीची क्लोनाझेपाम, गर्भनिरोधक गोळ्या यांचाही इच्छेशी किंवा ताठरपणाशी संबंध येऊ शकतो. यांतली कुठलीही एकदम बंद करायची नाही, फक्त यादीत लिहायची. आणि हुर्राक-फेणी किती, तेही खरं लिहा. दोन पेगांनी मन मोकळं होतं हे खरं, पण रोजची दारू नैराश्य वाढवते आणि ताठरपणा कमी करते.

४. ओपीडीत काय न्यायचं आणि तोंड कसं उघडायचं

गोव्यात मानसोपचारासाठी बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळच. पणजीहून मडगावकडे जाणारी बस बांबोळीला थांबते. कुणाकडे जावं हेच ठरत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही फोन लागतो आणि पैसे पडत नाहीत.

नेताना एवढं न्या:

- आधारकार्ड आणि जुना केसपेपर असेल तर तो
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा. चिठ्ठी पुरेशी नाही, स्ट्रिपच न्या
- वरच्या पाच प्रश्नांचं पान, तारखांसकट
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट. थायरॉइडची टीएसएच तपासणी, साखर आणि हिमोग्लोबिन असेल तर उत्तम. थायरॉइड मंद असेल तर उदासी आणि इच्छा कमी होणं दोन्ही त्यातूनच येऊ शकतात
- बायकांनी शेवटच्या पाळीची तारीख, आणि मूल हवं असण्याचा विचार असेल तर तोही

गोवा लहान. रांगेत नणंदेची जाऊ भेटेल, ही भीती मलाही होती, आणि भेटलीही. ती स्वतःच नजर चुकवत होती. आत मात्र डॉक्टरने तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगायची नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. अगदी मोजके अपवाद सोडले तर ही गुप्तता तुमचा हक्क आहे.

बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटली. मॅडमनी कोंकणीतून विचारलं, "आनीक कितें जाता?" मी म्हटलं, "संसारात लक्ष नाही." त्यावर त्या झोपेकडे वळल्या. दुसऱ्या खेपेला मी पान पुढे सरकवलं आणि म्हटलं, "हे वाचा." पाच मिनिटांत काम झालं. बोलवत नसेल तर कागद पुढे करा. "मन लागत नाही", "संसारात लक्ष नाही" असल्या शब्दांतून डॉक्टरला काहीही समजू शकतं.

गोळी अजून सुरू व्हायची असेल तर आधीच सांगा, की शरीरसंबंध माझ्यासाठी महत्त्वाचे आहेत आणि त्यांना कमी धक्का लावणारी गोळी चालेल का. निवड असते. या बाबतीत पॅरोक्सेटिन सगळ्यांत त्रासदायक मानली जाते. व्हेन्लाफॅक्सिन, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम यांचाही त्रास बऱ्याच जणांना होतो. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन, अ‍ॅगोमेलॅटिन आणि कमी मात्रेत व्होर्टिऑक्सेटिन यांचा तुलनेने कमी. मग सगळ्यांना याच का देत नाहीत, असा प्रश्न पडेल. कारण प्रत्येकीची वेगळी किंमत आहे, ती सहाव्या मुद्द्यात.

५. शनिवारची गोळी चुकवू नका

नवऱ्याच्या गावच्या जत्रेला दोन दिवस जायचं होतं. कुठेतरी वाचलं होतं की शनिवार-रविवार गोळी घेतली नाही तर ब्रेक सुटतो. मी शुक्रवारपासून थांबवली, कुणालाही न विचारता.

शनिवारी काहीच फरक पडला नाही. रविवारी संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या उतरताना डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका यायचा. मळमळ, चिडचिड, रात्री विचित्र स्वप्नं. सासूबाईंना वाटलं नजर लागली, मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. सोमवारी गोळी घेतली आणि दोन दिवसांत सगळं थांबलं.

नंतर कारण कळलं. माझी गोळी एसिटालोप्राम, आणि तिचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच दिवसापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. दोन-तीन दिवसांत ब्रेक पुरेसा सुटत नाही, पण शरीराला उणीव मात्र जाणवते. फ्लुओक्सेटिन तर आठवडेच्या आठवडे रेंगाळते, तिथे गोळी चुकवून काहीच हाती लागत नाही. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन चुकवली तर झटके जास्त जोरात येतात. आणि खरा धोका असा, की एकदा चुकवायची सवय लागली की औषध नीट चालतच नाही आणि आजार परत फिरतो.

६. डॉक्टरसमोर चार रस्ते असतात

पहिला, वाट बघणे. काहींचा त्रास काही महिन्यांत आपोआप कमी होतो, पण बऱ्याच जणांचा होत नाही. मन अजून सावरलेलं नसेल तर हाच रस्ता शहाणपणाचा.

दुसरा, मात्रा कमी करणे. डिसेंबरात माझं पोटाचं प्रकरण मिटलं होतं. इच्छा ३ वर, ओलावा ३ वर, पण ऑर्गॅझम अजून ६. म्हणजे प्रोलॅक्टिनचा वाटा गेला आणि गोळीचा वाटा उघडा पडला. मॅडमनी १० मिलिग्रॅमची ५ केली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. तिसऱ्या आठवड्यात ताळेबंद करताना मी एका चुकलेल्या आकड्यावरून रडले. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पट्टी असते, २७ पैकी गुण. गोळीआधी माझे १७ होते, डिसेंबरात ६, आता १३. मात्रा कमी केल्यावर असं होणार नाही ना, हे बघण्यासाठी ती पट्टी दर आठवड्याला भरा. मरणाचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा १४४१६ लावा. तेव्हा हा बाकीचा हिशेब बाजूला ठेवायचा.

तिसरा, दुसरं औषध जोडणे. चालू गोळीसोबत बुप्रोपिऑन देतात. ते सेरोटोनिनवर नाही, डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर काम करतं. पण दिवसाला १५० मिलिग्रॅमने अनेकांना फरक पडत नाही, ३०० पर्यंत जावं लागतं. फिट्स आलेल्या असतील, खाऊन उलट्या काढण्याचा किंवा उपाशी राहण्याचा आजार असेल, किंवा रोजची दारू एकदम सोडली असेल, तर हे औषध चालत नाही, कारण त्याने फिट येऊ शकते. शिवाय घबराट हाच मुख्य त्रास असेल तर ते कधी तो वाढवतं. पुरुषांना ताठरपणाची अडचण असेल तर सिल्डेनाफिल देतात. हृदयाच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते कधीही घ्यायचं नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. मेडिकलवाल्याला हे विचारायचं भान नसतं, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून विकत घेऊ नका.

चौथा, गोळीच बदलणे. मिर्टाझापिन रात्री घेतात, तिने झोप चांगली लागते, पण भूक आणि वजन वाढतं. माझं आधीच सहा किलो वाढलं होतं, म्हणून मी नको म्हटलं. अ‍ॅगोमेलॅटिनही रात्रीची, पण ती यकृताला त्रास देऊ शकते, म्हणून सुरुवातीला आणि नंतर ठराविक आठवड्यांनी यकृताची रक्ततपासणी लागते. वारंवार फेऱ्या जमत नसतील तर ती घेऊ नका. व्होर्टिऑक्सेटिनने मळमळ होते आणि ती एसिटालोप्रामपेक्षा महाग पडते, पण मन सावरलेलं असताना या त्रासासाठी एसिटालोप्रामसारख्या गोळीवरून तिच्यावर आणण्याचा अभ्यास झालेला आहे आणि त्यात फायदा दिसला आहे.

माझ्यासाठी मॅडमनी आधी एसिटालोप्राम पुन्हा १० केली. मन परत जागेवर आल्यावर जानेवारीच्या शेवटी ती थांबवून दुसऱ्याच दिवसापासून व्होर्टिऑक्सेटिन १० मिलिग्रॅम सुरू केली. या जोडीत मधे खंड ठेवावा लागला नाही. सगळ्याच जोड्यांत असं चालत नाही. काहींमध्ये हळूहळू उतरवावं लागतं, काहींमध्ये आठवडे मोकळे ठेवावे लागतात, आणि ते ठरवायचं काम डॉक्टरचंच.

७. बदलानंतरचे आठ आठवडे

पहिले दहा दिवस मळमळ. सकाळी रिकाम्या पोटी घेत होते तेव्हा जास्त, पेज जेवल्यावर घ्यायला लागले तेव्हा कमी. मधेच दोनदा तेच विजेचे झटके आले, जुनी गोळी उतरत होती म्हणून. ते विरले.

या काळात आम्ही एक ठरवलं आणि ते मला सगळ्यांत उपयोगी पडलं. आठवड्यातून दोन रात्री जवळ यायचं, पण शेवटपर्यंत पोचायचं नाही, असं आधीच ठरवायचं. "आज झालं का?" हा प्रश्नच नको. सेक्सथेरपिस्ट अशी पद्धत सांगतात. वाचायला सोपी वाटते, पण पहिल्या रात्री आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे हसत बसलो. नवऱ्यालाही त्याने बरं झालं. माझ्या बधिरपणाचा त्याने आपल्यावर अर्थ लावला होता, आणि त्याच्या डोक्यातही तो पहारेकरी बसला होता. गोळीचा ब्रेक काय असतो हे मी त्याला महिनाभर आधी सांगायला हवं होतं.

शिगम्याच्या रोमटामेळाचे ढोल घुमायला लागले तेव्हा आठवा आठवडा होता. पानावर ओळी अशा: इच्छा ३, उत्तेजना ३, ओलावा ३, ऑर्गॅझम ३, समाधान २. बेरीज १४. सर्वांत वाईट दिवसांत ती २७ होती. नैराश्याच्या पट्टीवर ५.

अगदी सगळ्यांचं असं सुटत नाही, तेही लिहिते. थोड्या लोकांमध्ये गोळी पूर्ण बंद केल्यावरही बधिरपणा किंवा इच्छेचा अभाव उरतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये हे मान्य करून अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकात ते लिहायला सांगितलं. म्हणून त्रास सुरू झाला की वर्षभर गप्प बसू नका, आणि गोळीआधीचं पान जपून ठेवा. कुणी "हे तर तुमचं आधीपासूनचं असेल" म्हणालं, तर दाखवायला तेवढंच असतं.

माझी गोळी अजून चालू आहे. मन स्थिर राहिलं तर आणखी सहा महिने, मग हळूहळू मात्रा उतरवत थांबवायची, असं मॅडमनी केसपेपरवर लिहिलंय. पुढची तारीख जूनमधली आहे. जुनी वही भरली, म्हणून पावसाआधी नवी आणली आणि पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची नावं उतरवली, या वेळी पोटाच्या गोळीसकट.